डेल्टा ई दोनच्या आत, पण कोणत्या मोडमध्ये?

मॉनिटरच्या खोक्यावर हल्ली दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक, ΔE<2. दुसरा, १२५ टक्के एसआरजीबी किंवा ९५ टक्के डीसीआय-पी३. दुकानदार दोन्हींवर बोट ठेवून 'कलर एकदम अ‍ॅक्युरेट' म्हणतो. तोच मॉनिटर घरी आणून जोडला की लग्नाच्या अल्बममधली नवरी उन्हात भाजून निघाल्यासारखी लालबुंद दिसते. फसवणूक झाली म्हणावे, तर खोक्यावरचे दोन्ही आकडे खरे असू शकतात. गोम एवढीच, की ते दोन्ही एकाच सेटिंगवर खरे नसतात.

मॉनिटरची परीक्षणे वाचायची ती हे शोधायला. रटिंग्ज, टीएफटी सेंट्रल, नोटबुकचेक अशा ठिकाणी मॉनिटर प्रत्यक्ष यंत्राने मोजलेला असतो आणि कोष्टकांची रेलचेल असते. नेमकी तिथेच सामान्य वाचकाची दमछाक होते. मग तो शेवटी दिलेले 'बेस्ट सेटिंग्ज' उतरवून घेतो आणि मोकळा होतो. उपयोगाची माहिती मात्र त्या कोष्टकांतच असते, आणि ती काढायला फार गणित लागत नाही.

आधी डेल्टा ई. रंगांचे मोजमाप करणाऱ्या सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७६ साली लॅब नावाची रंगांची चौकट ठरवली. तिच्यात प्रत्येक रंगाला तीन आकडे मिळतात: उजळपणा किती, लाल-हिरव्या अक्षावर तो कुठे, आणि पिवळ्या-निळ्या अक्षावर कुठे. जो रंग दिसायला हवा त्याची जागा आणि पडद्यावर जो दिसला त्याची जागा, या दोन ठिकाणांमधले अंतर म्हणजे डेल्टा ई. अंतर एकच्या आसपास असेल, तर दोन रंग शेजारी ठेवूनही फरक जेमतेम कळतो. दोन-तीनवर शेजारी ठेवले की कळतो. पाचच्या पुढे गेले की सवयीच्या डोळ्याला बहुधा शेजारी काही ठेवावे लागत नाही.

पण हे अंतर मोजायची सूत्रे एकाहून अधिक आहेत, आणि पहिली ठेच इथेच लागते. १९७६चे मूळ सूत्र नकाशावर पट्टी ठेवून पुणे ते महाबळेश्वर मोजल्यासारखे सरळ रेषेत मोजते. घाट किती, वळणे किती, याचा त्याला पत्ता नसतो. आपला डोळा सगळ्या रंगांत सारखा चिकित्सक नसतो. राखाडीत जरा निळसर झाक आली तरी तो ओळखतो, पण मुळातच भडक असलेला लाल आणखी थोडा भडक झाला तर तेवढे मनावर घेत नाही. हे लक्षात घेऊन पुढे सीआयईडीई२००० हे सुधारित सूत्र आले. आज गंभीर परीक्षणांत बहुधा तेच वापरतात.

फरक किती पडतो ते एका उदाहरणात बघण्यासारखे आहे. एसआरजीबीचा सर्वांत गडद लाल घ्या, आणि तो चुकून डीसीआय-पी३च्या सर्वांत गडद लालाच्या जागी दाखवला गेला असे समजा. जुन्या सूत्राने डेल्टा ई येतो सुमारे ३१. नव्या सूत्राने सुमारे ७. आता दुसरा दोष घ्या. पांढरा ६५०० केल्विनचा असायला हवा होता, तो ७५०० केल्विनचा, म्हणजे निळसर आहे. जुन्या सूत्राने हा दोष ८चा, नव्याने ७च्या जरा आत. जुन्या आकड्यांवर विसंबणारा म्हणेल की लालाचा दोष पांढऱ्याच्या चौपट गंभीर आहे. नव्या सूत्राच्या हिशेबी दोघे जवळपास बरोबरीचे. तेव्हा एका परीक्षणातला ४ आणि दुसऱ्यातला ४ एकमेकांशी ताडून बघण्याआधी सूत्र कोणते ते पाहायचे. ते दिलेच नसेल, तर ते आकडे त्याच परीक्षणातल्या दुसऱ्या मॉनिटरशी तुलना करण्यापुरते वापरायचे.

दुसरी ठेच सरासरीची. चाचणीत बहुतेक वेळा २४ रंगांचा संच वापरतात. १९७६ मध्ये आलेल्या कलरचेकर नावाच्या पाटीवरून तो घेतला आहे. त्यात त्वचेचे दोन रंग आहेत, आकाशाचा निळा आहे, पानांचा हिरवा आहे, आणि शेवटची अख्खी ओळ पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या सहा छटांची आहे. एखाद्या मॉनिटरचा पांढरा आणि गॅमा अचूक असेल, पण रंग सगळे भडक असतील, तर त्या सहा राखाडी छटा शून्याजवळ बसतात आणि सरासरी खाली ओढतात. वर म्हटलेली लालाची चूक ज्या पडद्यावर होते, त्याच पडद्यावर गोऱ्या त्वचेच्या छटेचा डेल्टा ई नव्या सूत्राने अडीचच्या आसपास येतो. अडीच हा आकडा कागदावर निरुपद्रवी वाटतो. नवरी लालबुंद दिसते ती त्याच अडीचमुळे, कारण चेहऱ्याच्या रंगाची आपल्याला जन्माची सवय असते. म्हणून सरासरीच्या शेजारी दिलेला कमाल आकडा पाहायचा, आणि तो कोणत्या रंगाचा आहे तेही. सरासरी दीड आणि कमाल दोन असलेला मॉनिटर वेगळा. सरासरी दीड आणि कमाल सहा असलेला वेगळा.

आता गॅमट, म्हणजे पडदा दाखवू शकेल अशा रंगांची व्याप्ती. लाल, हिरवा आणि निळा या तीन मूळ रंगांची टोके जोडून होणारा त्रिकोण ही ती व्याप्ती. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली मांडलेला एसआरजीबीचा त्रिकोण लहान आहे, आणि आजही वेबवरची बहुसंख्य चित्रे त्याच मापाची असतात. डिजिटल सिनेमासाठी ठरलेला डीसीआय-पी३ त्याच्यापेक्षा मोठा, छपाईकडे नजर ठेवून १९९८ साली आलेला अ‍ॅडोबी आरजीबी हाही मोठा. या दोन मोठ्या त्रिकोणांचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखे आहे, दोन्ही एसआरजीबीच्या सुमारे १३५ टक्के. आकार मात्र वेगळे: पी३ लालाकडे जास्त पसरतो, अ‍ॅडोबी हिरव्या-निळसर अंगाला.

यावरून खोक्यावरचा '१२५ टक्के' किती पोकळ आहे ते कळते. ते नुसते क्षेत्रफळाचे गुणोत्तर आहे. त्रिकोण मोठा असूनही एका कोपऱ्यात एसआरजीबीचा थोडा भाग बाहेर राहू शकतो. कामाचा शब्द आहे 'कव्हरेज', म्हणजे अपेक्षित त्रिकोणाचा किती भाग खरोखर झाकला गेला. तो कधी शंभरापुढे जात नाही. शंभरापुढचा आकडा दिसला की समजावे, हे क्षेत्रफळ आहे. शिवाय क्षेत्रफळ १९३१च्या आकृतीत मोजले तर पी३ एसआरजीबीच्या १३६ टक्के भरतो, १९७६च्या आकृतीत मोजले तर १२६. विक्रेता कोणती आकृती निवडेल, हे सांगायला नको.

मोठा त्रिकोण ही क्षमता झाली. ती जिथे नको तिथे वापरली गेली की तिचाच दोष होतो. फोटोच्या फाइलमध्ये 'लाल २५५' एवढेच लिहिलेले असते. एसआरजीबीतला २५५ म्हणजे अमुक एक लाल. रंगांचे भाषांतर करणारे कोणी मध्ये नसेल, तर रुंद गॅमटचा मॉनिटर आपला स्वतःचा टोकाचा लाल दाखवून मोकळा होतो. वरचा ७चा डेल्टा ई तिथून येतो. भाषांतराचे काम कधी सॉफ्टवेअर करते, कधी मॉनिटर स्वतः करतो. अ‍ॅपलच्या संगणकांत ते मुळातच प्रणालीत आहे. विंडोजमध्ये फोटोशॉप आणि आजचे ब्राउझर ते करतात, पण डेस्कटॉप आणि पुष्कळशी इतर अ‍ॅप्स नेहमीच्या मांडणीत करत नाहीत. मॉनिटरच्या बाजूने हे काम करणारा मेन्यूतला पर्याय म्हणजे sRGB मोड. तो रुंद त्रिकोण आवळून लहान करतो. खोक्यावरचा 'दोनच्या आत' हा दावा बहुतेक वेळा याच मोडमधला असतो, आणि शेजारचा '९५ टक्के पी३' हा मूळ, न आवळलेल्या मोडमधला.

एक नमुना घेऊन हे लावून बघू. समजा, कोल्हापुरात लग्नपत्रिका आणि दुकानांच्या जाहिराती करणाऱ्या एका डिझायनरला २७ इंची मॉनिटर घ्यायचा आहे. काम विंडोजवर, निम्मे छापायला जाते, निम्मे व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर. तिच्यासमोरच्या परीक्षणात तीन ओळी आहेत. 'स्टँडर्ड' मोड, मूळ अवस्था: पांढरा ७५०० केल्विन, सरासरी डेल्टा ई ४.२, पी३ कव्हरेज ९५ टक्के. 'sRGB' मोड: पांढरा ६४०० केल्विन, सरासरी १.६, कमाल २.९, एसआरजीबी कव्हरेज ९८ टक्के. तिसरी ओळ, कॅलिब्रेशननंतर: सरासरी ०.८.

नवखा वाचक थेट तिसऱ्या ओळीवर जाऊन खूश होतो. पण ०.८ परीक्षकाच्या यंत्राने, परीक्षकाच्या नगावर आणला आहे. यंत्र हाताशी नसलेल्या माणसाला तो मिळणार नाही. तिसऱ्या ओळीवरून एवढेच कळते की पॅनेल गुणी आहे, सुधारता येण्यासारखे आहे. विकत घेताना बघायचा आकडा दुसऱ्या ओळीत आहे, कारण तो एक बटण दाबून मिळतो.

पहिल्या ओळीतले ४.२ कशाचे बनले आहे, हेही उलगडून पाहायला हवे. पांढरा हजार केल्विनने निळा आहे, म्हणजे राखाडी ओळीवर सहा-सातच्या चुका असणार. रंग भडक आहेत ते वेगळे. पैकी निळसर पांढरा मेन्यूतून आटोक्यात येतो. 'कलर टेम्परेचर'मध्ये 'वॉर्म' किंवा '6500K' निवडता येते, किंवा 'यूजर'मध्ये जाऊन निळ्याची पातळी उतरवता येते. उतरवायची, दुसऱ्या दोन रंगांची वाढवायची नाही. वाढवली की उजळ छटा एकमेकींत मिसळून जातात. भडकपणा मात्र या पातळ्यांनी जात नाही. त्याला sRGB मोड हवा किंवा सॉफ्टवेअरचे भाषांतर हवे. मेन्यूतला 'सॅच्युरेशन' ओढून तो घालवायचा प्रयत्न बरेच जण करतात. त्याने लाल थोडा बसतो, पण त्वचा आणि पाने भलतीकडे सरकतात.

सगळ्या दोषांत पांढऱ्याच्या दोषाचे एक वैशिष्ट्य आहे: एकटा मॉनिटर असेल तर डोळा काही मिनिटांत त्याच्याशी जुळवून घेतो. निळसर पांढरा मग पांढराच वाटू लागतो. शेजारी दुसरा मॉनिटर किंवा कोरा कागद आला, की पुन्हा निळा दिसतो. याच्या उलट, राखाडीची झाक पातळीगणिक बदलत असेल, गडद छटा हिरवट आणि उजळ छटा गुलाबी असतील, तर डोळा कशाशी म्हणून जुळवून घेणार? आकड्यात ७चा एकसारखा निळेपणा मोठा आणि ३ची ही लहर लहान दिसते. कृष्णधवल फोटोंवर काम करणाऱ्याला त्रास होतो तो लहरीचाच. परीक्षणात राखाडीचा आलेख असतो, लाल-हिरव्या-निळ्या तीन रेषांचा. रेषा एकमेकींपासून दूर पण समांतर असतील तर मेन्यूतून काम भागते. त्या एकमेकींना छेदत असतील तर तो मॉनिटर यंत्राशिवाय सुधारत नाही.

गॅमाचे तसे थोडक्यात सांगता येते. मधल्या राखाडीला गॅमा २.२ ऐवजी १.८ मिळाला तर लॅबमधला उजळपणा ५४च्या जागी ६१पर्यंत चढतो आणि सगळे चित्र फिकट पडते. तरीही काही परीक्षणांत राखाडीचा डेल्टा ई काढताना उजळपणा वगळून फक्त झाक मोजलेली असते, त्यामुळे एवढी मोठी चूक आकड्यातून गळून जाते. म्हणून गॅमाचा आलेख वेगळा पाहायचा आणि २.२च्या जवळचा पर्याय निवडायचा. मेन्यूत 'गॅमा १, २, ३' असे मोघम लिहिलेले असते. त्यातला कोणता २.२चा, हे परीक्षणातून उतरवून घेण्याजोगे आहे.

उतरवून घेऊ नये असेही काही आहे. परीक्षणात लाल १००, हिरवा ९६, निळा ९१ असे आकडे असले आणि तेच आपल्या मॉनिटरला दिले, तर ते त्या एका नगाचे औषध दुसऱ्या नगाला दिल्यासारखे होते. एकाच मॉडेलच्या दोन नगांचे पांढरे काही शे केल्विनने वेगळे असू शकतात, आणि एलईडी जुने होत जातात तसा तो आणखी सरकतो. इतरांची कलर प्रोफाइल फाइल डाउनलोड करून लावण्याचेही तेच. मोड कोणता, गॅमाचा पर्याय कोणता, कोणती 'सुधारणा' बंद करायची, हे एका नगाहून दुसऱ्या नगाला लागू पडते. पातळ्यांचे आकडे लागू पडतीलच असे नाही.

डिझायनरला आता निवड करायची आहे, आणि sRGB मोड म्हणजे सगळे सुरळीत असेही नाही. कित्येक मॉनिटरांत तो चालू केला की ब्राइटनेसला कुलूप लागते. कधी गॅमा आणि रंगांच्या पातळ्यांनाही. परीक्षणात 'ब्राइटनेस लॉक्ड' अशी अर्धी ओळ असते, ती सरासरी डेल्टा ईपेक्षा महत्त्वाची. कारण डेल्टा ई ब्राइटनेस बघतच नाही. लॅबमध्ये प्रत्येक रंग पडद्याच्या स्वतःच्या पांढऱ्याच्या प्रमाणात मोजला जातो. पांढरा १०० निटचा असो की ४००चा, डेल्टा ई तोच राहतो. प्रत्यक्षात मात्र 'पडद्यावर छान दिसत होते, छापून काळवंडले' या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असते. पडदा ३०० निटवर भगभगतो, डिझायनर डोळ्यांना बरे वाटेल इतपत फोटो गडद करते, आणि कागदाला स्वतःचा उजेड नसतो. घरातल्या किंवा ऑफिसातल्या बेताच्या उजेडात १०० ते १२० निट पुरतात. मेन्यूत तो आकडा नसतो, नुसते ० ते १००. कोणत्या अंकावर किती निट मिळतात याचा अंदाज काही परीक्षणांतून मिळतो. ब्राइटनेसच्या बाबतीत तो उतरवून घ्यायला हरकत नाही, पाच-दहा निटने काही बिघडत नाही. यंत्र नसेल तर पडद्यावर कोरे पान उघडायचे आणि खोलीच्या उजेडात शेजारी कागद धरायचा. पडदा दिव्यासारखा वाटेनासा होईपर्यंत ब्राइटनेस उतरवायचा.

कुलूप १२० निटच्या आसपास असेल तर तिने sRGB मोड डोळे झाकून घ्यावा. ते २५०वर असेल तर मूळ मोड, वॉर्म पांढरा, हाताने उतरवलेला ब्राइटनेस आणि भाषांतराचे काम सॉफ्टवेअरकडे, ही जोडी बरी. विंडोज ११मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'Automatically manage color for apps' हा पर्याय दिसत असेल, तर तो यासाठीच आहे. ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर दोन्हींना तो झेपत असेल तरच दिसतो. नाही दिसला तर निदान काम फोटोशॉपमध्ये करायचे, आणि डेस्कटॉपवरचे छोटे चित्र भडक दिसले म्हणून दचकायचे नाही.

'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट', 'सुपर रिझोल्यूशन', 'लो ब्लू लाइट', 'ब्लॅक इक्वलायझर' ही मंडळी बंद. कॉन्ट्रास्ट कंपनीने दिला तिथेच. गेम खेळणाऱ्याने किंवा नुसते सिनेमे बघणाऱ्याने एवढा खल करायची गरज नाही. भडक रंग आवडत असतील तर मूळ मोड ठेवावा. त्याचे चित्र कोणाकडे छापायला जात नाही.

ज्या दोषाला कोणतेच सेटिंग लागू पडत नाही, तोही परीक्षणात स्पष्ट दिसतो. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेले असते. १९५३च्या अमेरिकी रंगीत टीव्हीचे हे माप. त्याच्या ७१ टक्क्यांत एसआरजीबी बसतो, म्हणजे ४५ टक्के हा क्षेत्रफळाने एसआरजीबीचा जेमतेम ६४ टक्के. अशा पडद्यावर कुंकवाचा लाल विटकरीकडे झुकतो. कॅलिब्रेशन केले तर पांढरा आणि गॅमा जागेवर येतात, पण त्रिकोण तेवढाच राहतो. सहा राखाडी छटा अचूक बसल्यामुळे सरासरी डेल्टा ई दिसायला बराही येऊ शकतो. कमाल आकडा बघितला तर तो लाल-केशरी छटांवर अडकलेला सापडतो.

आणि सगळे नीट लावूनही काळे धुरकट, पांढरे मळकट दिसत असेल तर मॉनिटरला बोल लावण्याआधी एचडीएमआय केबलच्या दुसऱ्या टोकाला बघायचे. ग्राफिक्स कार्ड कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजून ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ इतकाच सिग्नल पाठवते. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये 'लिमिटेड'चे 'फुल' केले की काळे जागेवर येते. केबल डिस्प्लेपोर्टची असेल तर ही भानगड क्वचितच उद्भवते.